जो-तो, जेव्हा-तेव्हा काढून केवल वाक्य करताना कोणतं धातुसाधित घ्यायचं?

प्रश्न : वाक्यसंश्लेषणाच्या अवघड सरावात 'जो-तो' आणि 'जेव्हा-तेव्हा' न वापरता चार-पाच वाक्यांचं एक केवल वाक्य करायला सांगतात. -लेला, -णारा, -ऊन, -ताना, -ल्यावर यांतलं कुठे काय घ्यायचं हे मी कानाला बरं वाटेल तसं ठरवतो आणि निम्म्या वेळा चुकतो. 'बसमधून उतरून पाऊस सुरू झाला' चूक म्हणतात, मग 'भिंत कोसळून तिघे जखमी झाले' बरोबर कसं? यात काही नियम आहे का?

उत्तर :

नियम आहे, पण तो प्रत्ययांच्या यादीत शोधला तर सापडत नाही. प्रत्यय ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दोन्ही वाक्यांतल्या क्रिया करतं कोण, हे पहिलं. आणि दोहोंपैकी सांगायची बातमी कोणती, हे दुसरं. बातमी असलेल्या वाक्याचं क्रियापद जसंच्या तसं शेवटी राहतं, बाकीच्यांची धातुसाधितं होतात. बातमीच धातुसाधितात कोंबली तर व्याकरण बिनचूक असूनही वाक्य फसतं. 'मी दार उघडलं तेव्हा अंगणात बिबट्या होता' याचं 'दार उघडलं तेव्हा' या अंगाचं धातुसाधित करायचं असतं. 'अंगणात बिबट्या असताना मी दार उघडलं' असं केलं, तर बिबट्या आधीपासून माहीत होता आणि दार मुद्दाम उघडलं, असा अर्थ निघतो.

आधी जो-तो घेऊ, कारण तिथे पर्याय कमी आहेत. धातुसाधित विशेषण ज्या नामाला लागणार, ते नाम गौण वाक्यात कर्ता आहे की कर्म, एवढं विचारा. कर्म असेल आणि क्रिया झालेली असेल तर -लेला: 'आईने जी पोळी केली ती' म्हणजे 'आईने केलेली पोळी'. 'आईने' हा कर्ता आपल्या 'ने'सकट तसाच राहतो, हे लक्षात ठेवा. नाम कर्ता असेल आणि क्रियापद अकर्मक असेल तरीही -लेला: 'काल आलेला पाहुणा', 'पडलेलं झाड'.

अडतं ते सकर्मक क्रियापदाच्या कर्त्यापाशी. 'ज्या पोलिसाने चोराला पकडलं तो पोलीस' याचं पुष्कळ जण 'चोराला पकडलेला पोलीस' करतात, कारण क्रिया भूतकाळातली आहे आणि भूतकाळ म्हणजे -लेला असं डोक्यात बसलेलं असतं. इथे हवं 'चोराला पकडणारा पोलीस'. -णारा हा भविष्याचा प्रत्यय आहे असं समजू नका. विशेषण म्हणून येतो तेव्हा त्याला स्वतःचा काळ नसतो, तो फक्त 'ती क्रिया करतो तो' एवढंच सांगतो. काळ मुख्य क्रियापदावरून किंवा सालावरून कळतो. 'ज्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली त्या सावित्रीबाई' हे '१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई' असंच होतं. शाळेला विशेषण लावायचं असेल तेव्हा मात्र '१८४८ साली पुण्यात सुरू केलेली शाळा'. एकाच घटनेची ही दोन रूपं शेजारी ठेवली की फरक पक्का होतो.

काही सकर्मक क्रियापदं याला अपवाद वाटतात: 'पैठणी नेसलेली बाई', 'दूध प्यायलेलं बाळ', 'मराठी शिकलेला मुलगा'. पण नीट पाहिलं तर ही तीच क्रियापदं आहेत ज्यांचा कर्ता भूतकाळात 'ने' घेत नाही: ती पैठणी नेसली, बाळ दूध प्यायलं, तो मराठी शिकला. म्हणून चाचणी सोपी आहे. भूतकाळाचं वाक्य मनात म्हणा. कर्त्याला 'ने' लागला नाही, तर कर्त्याचं विशेषण -लेला घेऊन बिनधास्त करा. 'ने' लागला, तर -णारा घ्या. बोलताना 'नाटक पाहिलेले लोक' असं आपण म्हणतो आणि ते खटकत नाही, कारण नाटक लोकांना पाहत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र 'नाटक पाहणारे' किंवा 'ज्यांनी नाटक पाहिलं ते' हेच बरं.

-णाराची उलट बाजूची मर्यादाही तितकीच कडक आहे. तो कर्त्याखेरीज सहसा कोणाला लागत नाही. 'जे पुस्तक मुलगी वाचते आहे ते' याचं 'मुलगी वाचणारं पुस्तक' केलं की पुस्तकच मुलगी वाचायला बसतं. चालू क्रियेच्या कर्मासाठी -त असलेला आहे: 'मुलगी वाचत असलेलं पुस्तक'. 'जे पाणी पितात ते' याचं 'पिणारं पाणी' होत नाही, 'पिण्याचं पाणी' होतं. 'ज्याच्याकडे तिकीट नाही तो प्रवासी' अशा वाक्यात क्रियापद 'नाही' असल्यामुळे विद्यार्थी थबकतात. तिथे असलेला-नसलेला ही जोडी कामाला येते: 'तिकीट नसलेला प्रवासी'. या जोडीचा आवाका बराच मोठा आहे. 'ज्याचा भाऊ फौजदार आहे तो मुलगा' हे 'भाऊ फौजदार असलेला मुलगा' होऊ शकतं, आणि त्याच धर्तीवर 'ज्याच्या घराचं छप्पर उडालं तो शेतकरी' हे 'घराचं छप्पर उडालेला शेतकरी'.

पण 'मी काल ज्याच्याशी भांडलो तो माणूस' इथे थांबा. 'मी काल भांडलेला माणूस' हे मराठी नव्हे. 'ज्याच्याशी', 'ज्याच्यासाठी', 'ज्याच्यापेक्षा' यांतला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय धातुसाधितात हरवतं आणि वाचकाला ते परत जोडता येत नाही. अशा वेळी 'मी काल भांडलो तो माणूस' म्हणा किंवा सरळ जो-तो ठेवा. 'केवल वाक्य करा' अशी सक्तीच असेल तर कर्ता बदलून वाट काढावी लागते: 'माझं काल ज्याच्याशी भांडण झालं तो' ऐवजी 'माझ्याशी काल भांडलेला माणूस'. भांडण दोघांचं असल्यामुळे इथे निभावतं. 'ज्याच्यासाठी मी थांबलो तो' याला असली पळवाट नाही.

एक बारीक गोष्ट जागेची. 'पुण्याहून आलेल्या मित्राच्या बहिणीला' यात पुण्याहून कोण आलं? मित्रही असेल, बहीणही. मराठीत विशेषण पुढच्या जवळच्या नामाला चिकटतं, म्हणून बहीण आली असेल तर 'मित्राच्या पुण्याहून आलेल्या बहिणीला' असं आत सरकवा. आणि नामाला विभक्ती लागली की विशेषणही बदलतं: आलेला पाहुणा पण आलेल्या पाहुण्याला, येणारी गाडी पण येणाऱ्या गाडीने. 'येणाऱ्या'तला ऱ्य नीट लिहा, 'येणार्या' ही टंकताना होणारी नेहमीची चूक आहे.

आता जेव्हा-तेव्हा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं मूळ.

-ऊनला स्वतःचा कर्ता नसतो. तो मुख्य क्रियापदाचा कर्ता उसना घेतो. 'बसमधून उतरून पाऊस सुरू झाला' यात मुख्य क्रियापदाचा कर्ता पाऊस, म्हणजे बसमधून उतरला पाऊस. उतरणारा 'मी' वाक्यात कुठेच उरला नाही. कर्ते वेगळे असतील तेव्हा -ल्यावर घ्यायचा, कारण तो स्वतःचा कर्ता सांभाळतो: 'मी बसमधून उतरल्यावर पाऊस सुरू झाला.' भूतकाळात 'ने' घेणारं क्रियापद असेल तर इथेही त्याच्या कर्त्याला 'ने' लागतो: 'आईने दार उघडल्यावर मांजर आत आलं.' -ल्यावर लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही, ही त्यातली एक सोय.

मग 'भिंत कोसळून तिघे जखमी झाले' का चालतं? कारण इथे दोन्ही क्रिया कोणी मुद्दाम केलेल्या नाहीत आणि पहिली दुसरीचं कारण आहे. भिंत आपसूक कोसळते, माणसं आपसूक जखमी होतात, आणि हे त्यामुळे घडतं. 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले', 'फांदी तुटून तारा पडल्या' ही सगळी याच जातीची वाक्यं. दोन अटींपैकी एक जरी मोडली तरी वाक्य पडतं. 'गवंड्याने भिंत पाडून तिघे जखमी झाले' चालत नाही, कारण पाडणं मुद्दाम केलेलं आहे. तिथे 'भिंत पाडल्यामुळे' किंवा 'पाडताना' लागेल. 'घड्याळात पाच वाजून गाडी आली' हेही चालत नाही, कारण पाच वाजल्यामुळे गाडी येत नसते. बसचं वाक्य दोन्ही अटींत नापास होतं: उतरणं मुद्दाम आहे, आणि उतरण्यामुळे पाऊस पडत नाही.

आणखी एक प्रकार नियमाबाहेरचा वाटेल: 'ते ऐकून मला राग आला.' व्याकरणाने कर्ता राग, पण ऐकलं मी. भूक लागणे, रडू येणे, वाईट वाटणे अशा क्रियापदांत ज्याला ते होतं तोच कर्त्यासारखा धरला जातो, म्हणून -ऊन चालतो.

कर्ता एकच असला तरी एक सापळा उरतो, आणि सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. 'तो घरी आला. त्याने चहा केला.' ही वाक्यं जोडताना 'तो घरी येऊन चहा केला' असं लिहिलं जातं. पहिल्या वाक्यातला 'तो' उचलला आणि क्रियापद दुसऱ्या वाक्यातलं ठेवलं. -ऊन कर्ता उसना घेतो म्हटलं, त्याचा अर्थ कर्त्याची विभक्ती शेवटचं क्रियापद ठरवतं. शेवटी 'केला' आहे, तर 'त्याने घरी येऊन चहा केला'. शेवटी 'आला' असेल, तर 'तो चहा करून घरी आला'. शेवटी 'रडू आलं' असेल, तर 'त्याला पत्र वाचून रडू आलं'. लिहून झालं की कर्ता आणि शेवटचं क्रियापद एवढेच दोन शब्द सलग वाचा. 'तो... केला' ऐकताच चूक कळते.

नकारासाठी -ऊनला 'नाही' जोडू नका. 'तो जेवून गेला नाही' याचे दोन अर्थ होतात: जेवला पण गेला नाही, किंवा गेला पण उपाशी. दुसरा अर्थ हवा असेल तर 'तो न जेवता गेला'.

-ताना ही एकाच वेळी चाललेल्या क्रियांची खूण. याला कर्ता वेगळाही चालतो: 'आई स्वयंपाक करताना फोन वाजला.' घोळ होतो तो वाक्यात दोन माणसं असली की. 'मी रस्ता ओलांडताना रमेशला पाहिलं' आणि 'मी रमेशला रस्ता ओलांडताना पाहिलं' यांत शब्द तेच आहेत, पण रस्ता ओलांडणारा बदलतो. -ताना ज्याच्या लगेच नंतर येतो त्याच्याकडे अर्थ झुकतो. झुकतो म्हणजे पक्का होतो असं नाही. पक्का हवा असेल तर 'रस्ता ओलांडत असलेल्या रमेशला मी पाहिलं' किंवा 'मी रस्ता ओलांडत असताना मला रमेश दिसला' असं फोडावं. आणि 'मी लहान होतो तेव्हा' याचं 'मी लहान होताना' करू नका, नाहीतर तुम्ही आकाराने कमी होत चालला आहात असं वाटेल. स्थिती सांगायची तर 'असताना'.

घाई दाखवायची तर -ताच किंवा -ल्याबरोबर, आणि बोलीचा बाज हवा असेल तर 'आल्या आल्या'. यांत फार गुंता नाही.

गुंता आहे तो 'होता-होती'च्या पूर्ण भूतकाळात. 'जेव्हा आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' जेव्हा म्हणजे -ल्यावर असं पाठ केलेला विद्यार्थी लिहितो: 'आम्ही स्टेशनवर पोहोचल्यावर गाडी सुटली.' या वाक्यात गाडी मिळाली असती. मूळ वाक्यात ती गेलेली आहे. क्रम उलटा असल्यामुळे इथे -एपर्यंत किंवा -ण्यापूर्वी लागतो: 'आम्ही स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती.' म्हणून जेव्हा-तेव्हा दिसलं की आधी कोणती घटना आधीची ते कागदाच्या समासात १ आणि २ असं लिहून ठेवा. वाक्यात जी आधी लिहिली आहे ती आधी घडलेली असतेच असं नाही.

आता एक उतारा जोडून पाहू.

१. रात्रभर पाऊस पडला.
२. नदीचं पाणी वाढलं.
३. पोलीस पाटील गस्त घालत होता.
४. त्याने ते पाणी पाहिलं.
५. त्याने देवळाची घंटा वाजवली.
६. नदीकाठच्या घरांत लोक झोपले होते.
७. ते उठले.
८. त्यांनी दावणीची गुरं सोडली.
९. ते शाळेत गेले.

नेहमी येणारं उत्तर असं असतं: 'रात्रभर पाऊस पडून वाढलेलं नदीचं पाणी पाहून गस्त घालणाऱ्या पोलीस पाटलाने देवळाची घंटा वाजवून नदीकाठच्या घरांत झोपलेले लोक उठून दावणीची गुरं सोडून शाळेत गेले.' वाचायला ओघ आहे, पण 'पोलीस पाटलाने' हा शब्द अधांतरी लटकला. शेवटचं क्रियापद 'गेले', त्याचा कर्ता 'लोक'. 'ने' घेऊन आलेल्या पाटलाला क्रियापदच नाही. लटकलेला 'ने' हे कर्ते वेगळे असूनही -ऊन वापरल्याचं सर्वांत ठळक लक्षण आहे. वाक्यात तो दिसला की 'वाजवून'चं 'वाजवल्यावर' करा. मग पाटील घंटेच्या क्रियेचा हक्काचा कर्ता होतो आणि लोक पुढे मोकळे राहतात.

तसंच सुरुवातीचं 'पाऊस पडून पाणी वाढलं' हे आपसूक आणि कारणाचं असल्यामुळे चालतं, पण पुढे लगेच 'पाहून' आल्यामुळे -ऊनची रांग लागते. 'रात्रभर पडलेल्या पावसाने वाढलेलं पाणी' असं केलं की एक -ऊन वाचतो. 'घालणाऱ्या' हेही बदलू. रोज गस्त घालतो तोही 'गस्त घालणारा' आणि त्या क्षणी घालत होता तोही 'घालणारा'. मूळ वाक्यात 'घालत होता' आहे, तेव्हा 'गस्त घालत असलेल्या'.

एक चूक मात्र व्याकरणाच्या नजरेतून निसटते. 'दावणीची गुरं सोडून शाळेत गेले' याचा पहिला अर्थ लागतो तो गुरं टाकून गेले असा. मूळ वाक्यात तर गुरांना वाचवण्यासाठी दावं सोडलं आहे. 'सोडून', 'धरून', 'मिळून', 'वगळून' यांसारख्या -ऊन रूपांना बोलीत वेगळे अर्थ चिकटलेले आहेत. ती धातुसाधित म्हणून वापरताना दरवेळी थांबून दुसरा अर्थ लागतो का ते पाहावं. इथे 'मोकळी करून' घेतलं की प्रश्न मिटतो.

सगळं मिळून: 'रात्रभर पडलेल्या पावसाने वाढलेलं नदीचं पाणी पाहून गस्त घालत असलेल्या पोलीस पाटलाने देवळाची घंटा वाजवल्यावर नदीकाठच्या घरांत झोपलेले लोक उठून दावणीची गुरं मोकळी करून शाळेत गेले.'

हे केवल वाक्य आहे, बिनचूक आहे, आणि 'एकच केवल वाक्य करा' असं विचारलं असेल तर पूर्ण गुणांचं आहे. पण यात बातमी एकच उरली, लोक शाळेत गेले. पाटलाने घंटा वाजवली ही तितकीच मोठी गोष्ट मागच्या रांगेत गेली. शिवाय 'पाहून' आणि त्याचा कर्ता 'पाटील' यांत 'गस्त घालत असलेल्या' आल्यामुळे वाचक क्षणभर अडखळतो. 'एक किंवा दोन वाक्यांत जोडा' अशी मुभा असेल तर मी हे दोनच करीन:

'रात्रभर पडलेल्या पावसाने वाढलेलं नदीचं पाणी पाहताच, गस्त घालत असलेल्या पोलीस पाटलाने देवळाची घंटा वाजवली. ती ऐकून नदीकाठच्या घरांत झोपलेले लोक उठले आणि दावणीची गुरं मोकळी करून शाळेत गेले.'

'पाहताच'मध्ये घाई आहे, ती मूळ वाक्यांत लिहिलेली नाही, पण प्रसंगातून येते. काटेकोर तपासणारा परीक्षक असेल तर 'पाहून' ठेवा. दुसरं वाक्य 'आणि' आल्यामुळे केवल राहिलं नाही, संयुक्त झालं. फक्त केवल वाक्यंच हवी असतील तर 'ती ऐकून'चं 'ती ऐकल्यावर' आणि 'उठले आणि'चं 'उठून' करा आणि 'उठून... मोकळी करून' असे दोन -ऊन सहन करा. एका कर्त्यामागे दोन -ऊन मराठी कान निमूट घेतो, तिसऱ्याला कुरकुरतो. नामाआधीच्या विशेषणांचंही तसंच आहे. 'मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी आणलेली मिठाई' इथपर्यंत ठीक. तीत 'खाणाऱ्या मुलाला झालेला त्रास' जोडला की वाचक मागे वळून पाहुणे शोधायला लागतो. तिथे वाक्य तोडा, किंवा एक जो-तो परत आणा.